प्रतिसाद: ‘तस्का’ला मराठीत एकच शब्द का सापडत नाही?

> "रशियन ‘तस्का’साठी ‘हुरहूर’ चालेल ना? मग अनुवादक एवढे का अडतात?"

काही ठिकाणी चालेल. ‘तस्का पा रोदिने’ म्हणजे मायदेशाची ओढ, तिथे हुरहूर बरोबर बसते. पण ‘हिरवी तस्का’ म्हणजे निव्वळ जीवघेणा कंटाळा. लेखक नाबोकोवने पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्य-कादंबरीवरच्या टिपांमध्ये या शब्दाची अशी उतरंडच लावली आहे: वर विनाकारण आत्मक्लेश, तळाला कंटाळा.

खरी पंचाईत चेखवच्या १८८६च्या ‘तस्का’ कथेत होते. घोडागाडीवाल्या इओनाचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय, आणि ते ऐकून घ्यायला एकही गिऱ्हाईक तयार नाही. इंग्रजीत याचं शीर्षक कुणी ‘मिझरी’ केलं, कुणी ‘हार्टएक’, कुणी ‘ग्रीफ’. ‘ग्रीफ’ने कारण सांगितलं, पण अस्वस्थता गेली. कथेत मात्र उतारू उतरून गेले की थोडा वेळ दबलेली तस्का परत येते आणि आणखी जोराने छाती फोडू पाहते. इथे ‘हुरहूर’ फारच नाजूक पडते, संध्याकाळच्या कवितेतली वाटते. मी ‘तगमग’ घेईन. त्यात बोलून मोकळं होण्याची धडपडही येते. अडचण एकच, तगमग उन्हातही होते.

वाक्यरचनेच्या बाबतीत मात्र आपण इंग्रजीपेक्षा सुखी. ‘म्न्ये तस्क्लीवा’ची रचना ‘मला’ने सुरू होते, कर्ताच नाही. ‘मला करमत नाही’ अगदी तसंच. इंग्रजी अनुवादकाला तिथे बहुधा ‘मी’ आणावा लागतो.