गाडी ९२ टक्के चार्ज, तरी सकाळी मेलेली. दीड लाखाचा डबा बदलू की साडेपाच हजारांची बॅटरी?

मेघा_नाशिक
मंडळी, सल्ला हवाय, जरा घाईत. गाडी इलेक्ट्रिक आहे, सव्वातीन वर्षांची. वॉरंटी आहे की नाही यावर सर्व्हिसवाल्यांशी वाद चालू आहे. चार दिवस गावी होतो, गाडी पार्किंगमध्ये. आल्यावर रिमोट दाबला तर काहीच नाही. दार किल्लीने उघडलं, आत काळोख. जाताना ९२ टक्के चार्ज होता!

शेजारच्या दादांनी पॉकेट बूस्टर बॉनेटखालच्या छोट्या बॅटरीला लावला, बटण दाबल्यावर कुठेतरी ‘टक’ झालं आणि गाडी जिवंत. सर्व्हिस सेंटरने लॅपटॉप लावला आणि सांगितलं, ‘ऑनबोर्ड चार्जर आणि कन्व्हर्टरचा डबा गेला, दीड लाख.’ घरी चार्जिंग मात्र नेहमीसारखं होतंय. काय करू?

बाळूकाका_सातारा
ताई, ऑनबोर्ड चार्जरच गेलाय. भिंतीतला करंट घेऊन तोच दोन्ही बॅटऱ्या भरतो. पेट्रोल गाडीत जसा अल्टरनेटर, तसा इथे चार्जर. अल्टरनेटर गेला की बॅटरी बसणारच.

वाइंडिंगवाला
काका, अल्टरनेटरची आठवण बरोबर, पण तो मान चार्जरचा नाही, कन्व्हर्टरचा. भोसरीत असले डबे उघडून दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर.

ऑनबोर्ड चार्जरचं काम फक्त प्लग लावलेला असताना. घरातला २३० व्होल्टचा एसी तो सरळ करतो, चढवून चारशेच्या आसपास नेतो, मग सेकंदाला लाखभर वेळा तोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे देतो आणि मोठ्या बॅटरीला हवा तेवढा डीसी बनवतो. ट्रान्सफॉर्मर अशासाठी, की घरची लाईन आणि मोठी बॅटरी एकमेकींना थेट जोडलेल्या नसाव्यात. प्लग काढला की याची ड्यूटी संपली.

कन्व्हर्टर उलट दिशेचा. मोठ्या बॅटरीचे तीनशे-साडेतीनशे व्होल्ट उतरवून साधारण १४ व्होल्ट करतो. दिवे, स्टिअरिंगची मोटर, पडदा, सगळे कंट्रोलर यावर चालतात आणि छोटी बॅटरीही यातूनच भरते. गाडी ‘रेडी’ असताना तो चालू असतो, प्लग लावल्यावरही असतो. म्हणून काकांना वाटलं की चार्जरच दोन्ही भरतो. हे दोघे बऱ्याच गाड्यांत एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात, एकाच कूलंटवर बसवतात. एक बिघडला तरी कोटेशन अख्ख्या डब्याचं येतं, ते त्यामुळेच.

आता तुमची गोष्ट. मोठी बॅटरी बाकी गाडीला जोडणारे कॉन्टॅक्टर गाडी बंद झाली की सुटतात. ते परत ओढायला १२ व्होल्टच लागतात. छोटी मेली की मोठीचं दार कुणी उघडायचं? तुम्ही ऐकलेला ‘टक’ म्हणजे तेच दार. बूस्टर काढल्यावर गाडी चालू राहिली ना? मग ‘रेडी’मध्ये छोट्या बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरा. १३.५ ते १४.५ दिसलं आणि हेडलाईट, ब्लोअर लावूनही टिकलं तर कन्व्हर्टर काम करतोय. १२ च्या आसपास दिसून हळूहळू उतरत गेलं तर तो गेला. नारिंगी केबलला मात्र हात लावू नका.

चार्जिंग_चिन्मय
माझाही असाच प्रॉब्लेम. सोसायटीत ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला, पण गाडी ३.३ च्या वर घेत नाही. २४ युनिट भरायला आठ तास लागतात. माझाही डबा गेला का?

वाइंडिंगवाला
चिन्मय, तुझा प्रश्न वेगळा. भिंतीवरचा डबा चार्जर नाहीच. तो ‘३२ अँपियरपर्यंत घे’ असा निरोप देणारा हुशार स्विच आहे. खरा चार्जर गाडीत, आणि तुझ्या गाडीतला ३.३ चाच आहे. रस्त्यावरच्या डीसी फास्टला तो वगळून करंट सरळ मोठ्या बॅटरीत जातो. त्यावरून एक ओळखही सांगतो: डीसीवर भरते पण घरच्या एसीवर भरत नाही, आणि प्लग-सॉकेट-केबल ठीक आहेत, तर चार्जरवर संशय घ्यायचा. मेघाताईंचं घरी भरतंय, म्हणजे ती बाजू ठीक.

मेघा_नाशिक
दादांनी मोजलं. बंद गाडीत १२.४, ‘रेडी’मध्ये १४.२. हेडलाईट, मागची काच, ब्लोअर फुल करूनही १४.१. मग सर्व्हिसवाले खोटं बोलतात?

वाइंडिंगवाला
खोटं असेलच असं नाही. छोटी बॅटरी खाली गेली की सगळे कंट्रोलर अर्धपोटी उठतात आणि एकमेकांची तक्रार मेमरीत लिहून ठेवतात. त्यात कन्व्हर्टरचा कोड आला की यादीत समोर ‘डबा बदला’. कोड पुसून, आठवडा चालवून तो परत येतो का ते बघायला सांगा.

आणि छोटी बॅटरी इथे न सांगता जाते. पेट्रोल गाडीत महिनाभर आधी सेल्फ रेंगाळतो, आपण समजतो. कॉन्टॅक्टर ओढायला जेमतेम काही अँपियर पुरतात, त्यामुळे आज ठणठणीत आणि उद्या ठप्प.

आता संध्याकाळी गाडी बंद करा, दोन तासांनी मोजा, छोटीची निगेटिव्ह काढून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. त्याआधी किल्ली खिशात ठेवा, सेंट्रल लॉक चालणार नाही.

बाळूकाका_सातारा
चुकलो बुवा. पण कन्व्हर्टर गेला असता तर रस्त्यात किती वेळ मिळाला असता?

वाइंडिंगवाला
४० अँपियर-तासांची धडधाकट बॅटरी आणि रात्रीचा २५-३० अँपियरचा खप धरा. तासभर म्हणायचं, जुनी असेल तर निम्माही नाही. त्याआधी पडद्यावर १२ व्होल्टचा इशारा येतो. तो दिसला की एसी बंद करून जवळची सुरक्षित जागा गाठा.

हे डबे जातच नाहीत असं नव्हे. २०२४ मध्ये ह्युंदाईने आयॉनिक ५ आणि कियाने ईव्ही६ भारतात अशाच जोडडब्यासाठी तपासणीला परत बोलावल्या होत्या. तक्रार हीच, छोटी बॅटरी उतरू शकते. म्हणून मोजल्याशिवाय पैसे देऊ नका आणि मोजल्याशिवाय डब्याला निर्दोषही सोडू नका.

मेघा_नाशिक
निगेटिव्ह काढून: रात्री १२.६, सकाळी १२.६. जोडलेली ठेवून दुसऱ्या रात्री: १२.६ वरून १२.४.

वाइंडिंगवाला
मग बॅटरी धरतेय, कोणीतरी पितंय. बाहेरून काही बसवलंय?

मेघा_नाशिक
डॅशकॅम... भावाने बसवला, पार्किंगमध्येही रेकॉर्ड करतो.

वाइंडिंगवाला
इलेक्ट्रिशियनला निगेटिव्हच्या वायरीत मीटर लावून, गाडी लॉक करून, तासभर झोपू द्यायला सांगा. मग आकडा बघा. मीटर मधे असताना गाडी चालू करायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

मेघा_नाशिक
०.३८ अँपियर. कॅमेऱ्याचा फ्यूज काढल्यावर ०.०३!

वाइंडिंगवाला
०.३५ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ८.४ अँपियर-तास. चार दिवसांत तेहतीस-चौतीस. ४० च्या बॅटरीत उरलं काय? आणि बंद असताना तुमच्या गाडीचा कन्व्हर्टर झोपलेला दिसतोय. काही गाड्यांत तो मधूनच उठून छोटी भरून घेतो.

चार्जिंग_चिन्मय
मग बॅटरी बदलायची की नाही? एकदा पूर्ण बसलेली लेड-ॲसिड पूर्वीसारखी होत नाही म्हणतात.

वाइंडिंगवाला
ते खरं आहे, प्लेटांवर सल्फेट धरतं. पण एकदा बसल्याने किती गेली हे व्होल्टवरून कळत नाही, दुकानात लोड टेस्ट लागते. सव्वातीन वर्षं झालीत, मी असतो तर बदलली असती.

बाळूकाका_सातारा
मी असतो तर आधी कॅमेरा काढून एक आठवडा बघितला असता. साडेपाच हजार झाडाला लागत नाहीत.

मेघा_नाशिक
कॅमेरा काढला, टेस्ट उद्या. सर्व्हिसवाले आता म्हणतात, बाहेरचा कॅमेरा १२ व्होल्टच्या वायरीत जोडला म्हणून डब्याची वॉरंटीच गेली. डबा तर चांगला आहे! असं लेखी कुणाला मिळालंय का?