सीआयएसएसपी 'आवश्यक'मध्ये नको

> सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट हवा आहे, अनुभव २ ते ३ वर्षं. सीआयएसएसपी आणि सिक्युरिटी प्लस यातलं आवश्यक काय लिहू आणि प्राधान्य कशाला देऊ?

सीआयएसएसपी आवश्यक लिहिलंत तर जाहिरात स्वतःलाच खोडून काढेल. हे प्रमाणपत्र मिळायला या क्षेत्रातला ५ वर्षांचा पगारी अनुभव लागतो. पदवी असेल तर एक वर्षाची सूट मिळते, तरी ४ वर्षं उरतातच. अनुभवाआधी परीक्षा पास झालेल्याला फक्त 'असोसिएट' म्हणवून घेता येतं. म्हणजे तुम्हाला हवा तो उमेदवार ही अट पूर्ण करूच शकत नाही. आमच्याकडे हीच चूक झाली होती. अर्ज आले ते आठ-दहा वर्षं अनुभवाचे, पगाराचं कुणाशीच जमेना आणि जागा रिकामी राहिली.

मी एकच प्रश्न विचारते: बाकी सगळं जुळणारा माणूस केवळ या कागदासाठी मुलाखतीलाही न बोलावता परत पाठवाल का? क्लायंटच्या करारात प्रमाणपत्राचं नाव असेल तर उत्तर 'हो', आणि ते आवश्यकच. करार मात्र स्वतः वाचा; पुष्कळदा 'किंवा समतुल्य' असं लिहिलेलं असतं आणि जाहिरातीत येईपर्यंत ते गळतं.

करारात काही नसेल तर सिक्युरिटी प्लस प्राधान्यात टाका. ते ३ वर्षंच वैध असतं, म्हणून 'सध्या वैध' हेही लिहा. आवश्यकमध्ये प्रत्यक्ष काम लिहा: लॉग वाचून खरा अलर्ट आणि खोटा अलर्ट वेगळा करता येणं. ते मुलाखतीत अर्ध्या तासात तपासता येतं.