परराष्ट्र धोरण कशावर ठरतं: नकाशा की पैसा?

नववीतल्या मुलीची आई, जुळे सोलापूर: राज्यशास्त्रात परराष्ट्र धोरण ठरवणाऱ्या घटकांवर छोटं उत्तर लिहायचंय. मुलीनं भूगोल, अर्थव्यवस्था, सुरक्षा लिहिलं. यातला मोठा घटक कुठला? एखादं उदाहरण सांगाल का?

निवृत्त मास्तर, बाळे: भूगोल. सरकारं बदलतात, शेजार बदलत नाही. इराणचं चाबहार बंदर घ्या. अफगाणिस्तानला जायची जवळची वाट पाकिस्तानातून, आणि ते आपला माल तिकडे जाऊ देत नाहीत. मग २०१७ मध्ये आपला गहू कांडल्याहून जहाजानं चाबहारला आणि तिथून ट्रकनं अफगाणिस्तानात गेला.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी: मास्तर, पैसाच हो! रशियाचं तेल दिल्लीनं घेतलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर आधीच्या २५ टक्क्यांवर आणखी २५ टक्के शुल्क चढवलं. माझ्या तिकडच्या गिऱ्हाइकानं ऑर्डर थांबवली की. त्याचं उत्तर कुठल्या घटकात लिहायचं?

एमपीएससीवाला: काका, तुमचं उदाहरण अमेरिकेच्या धोरणाचं झालं, पण मुद्दा पटतो. मास्तरांच्या इराणकडेच बघा. मे २०१९ मध्ये इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेनं आपल्याला दिलेली सूट संपली आणि आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. नकाशा तर तोच होता! आपल्या बँकांना, विमा कंपन्यांना अमेरिकेचे निर्बंध परवडणारे नव्हते.

निवृत्त मास्तर, बाळे: तेल सोडलं, बंदर सोडलं का? २०१८ मध्ये चाबहारसाठी अमेरिकेकडून वेगळी सूट मिळवली, २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला. तेल आखातातल्या दुसऱ्या देशाकडून मिळतं. पाकिस्तानला वळसा घालणारी दुसरी सोयीची वाट दाखवा.

माजी सैनिक, होटगी रोड: दोघंही चुकताय. चाबहारच्या जवळच पाकिस्तानच्या ग्वादर बंदरात चीन येऊन बसलाय, म्हणून चाबहारला आपला नाविक तळ आहे. विषय सुरक्षेचा.

एमपीएससीवाला: साहेब, ग्वादरचं बरोबर, पण तळ नाही तिथं. मालाचं टर्मिनल आपण २०१८ मध्ये चालवायला घेतलं, तेही इराणच्या बंदरात. मात्र सुरक्षेनं हिशेब बिघडतो हे खरं. इराणच्या सीमेपासून आत जाणारा झरंज-देलाराम रस्ता आपण २००९ मध्ये अफगाणिस्तानात बांधून दिला, आणि २०२१ मध्ये तिथं तालिबान आलं.

नववीतल्या मुलीची आई, जुळे सोलापूर: अहो, एवढं सगळं छोट्या उत्तरात कसं बसवू?

एमपीएससीवाला: फक्त चाबहार लिहू दे. पाकिस्तान मध्ये आहे म्हणून बंदर हवं, हा भूगोल. निर्बंधांमुळे तेल सोडलं, ही अर्थव्यवस्था. ग्वादर आणि तालिबान, ही सुरक्षा. मोठा कुठला, ते लिहूच नको.

निवृत्त मास्तर, बाळे: का नको? मी पेपर तपासले आहेत. मत मांडून कारण दिलं तर मी गुण कापत नव्हतो. भूगोल पहिला लिही म्हणावं.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी: आणि माझ्या ऑर्डरचं?