अनुभव धागा: वारीची रजा मागताना अर्जात काय लिहिलंत?

पायवाट
माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून पंढरपूरपर्यंत चालायचं तर दोन आठवडे लागतात. रजा शिल्लक असते, अडतं ते अर्जापाशी. ‘धार्मिक कारणासाठी रजा मिळावी’ एवढंच लिहिलं, तर कोणतं काम कोणाकडे द्यायचं हे साहेबांना कसं कळणार? तुम्ही काय लिहिलंत ते शब्दांसकट सांगा.

हिशेबनीस
मी लेखा विभागात आहे. 2025 ला पालखी 22 जूनला पुण्यातून निघाली आणि एकादशी 6 जुलैला होती. दोन्ही रविवार. शनिवारही सुट्टीचा असल्याने कामाचे दहाच दिवस जात होते, पण त्यातच 30 जूनला तिमाही संपते आणि 7 जुलैपर्यंत टीडीएस भरायचा असतो. मी लिहिलं होतं:

‘23 जून ते 4 जुलै, आणि परतीसाठी सोमवार 7 जुलै अशी रजा हवी आहे. मंगळवारी 8 तारखेला हजर होईन. वारी तिथीवर चालते, त्यामुळे या तारखा हलवता येणार नाहीत. टीडीएसचा तक्ता 20 जूनपर्यंतच्या बिलांसह तयार ठेवेन; पुढच्या नोंदी करून भरणा करायला शेजारच्या टेबलावरच्या सहकारी तयार आहेत, त्या 16 जूनपासून माझ्याबरोबर काम पाहतील. जूनचा बँक ताळमेळ 5 ऐवजी 11 जुलैला मिळेल. विक्रेत्यांची देणी 20 जूनला सुटतील, त्यानंतर थेट 9 जुलैला. तसं त्यांना कळवतो. रोज संध्याकाळी मेसेज पाहीन.’

साहेबांनी एकच विचारलं: बँकेच्या पोर्टलवर पेमेंट टाकायचा अधिकार तुझ्याच नावावर आहे, त्याचं काय? दुसऱ्याच्या नावाने तो मिळायला सह्या, फॉर्म यात आठवडा गेला. ते काम अर्जाच्या आधी सुरू करा.

रिंगण
‘रोज संध्याकाळी’ हे शब्द काढा. मीही तसंच लिहिलं होतं, तर साहेबांनी सातची मीटिंग लावली. पालखी तळावर पोचते तेव्हा समाजआरती असते. चोपदार दंड उंचावतो, टाळ थांबतात आणि हरवल्या-सापडल्याची घोषणा होते. तिथे कानाला फोन कोण लावणार? शिवाय गर्दीत नेटवर्क बसतं आणि चार्जिंगला रांग असते. ‘फोन लागेल असं धरू नका, अमक्यांना विचारा’ असं सरळ लिहावं.

हिशेबनीस
माझं निभावलं. पण मीटिंगचं म्हणताय ते खरं आहे.

लाईन नंबर तीन
मी रजा मंजूर करणारा आहे, चाकणला. त्याच पंधरवड्यासाठी एका लाईनवरून चौघांचे अर्ज येतात. वारीचं महत्त्व मला पटवू नका, आमच्या घरातही माळ आहे. मशीन कोण चालवणार ते सांगा. एका ऑपरेटरने लिहिलं होतं, ‘या मशीनचं सेटिंग आम्हा दोघांनाच येतं आणि दोघांनाही वारीला जायचंय. मी लोणंदपर्यंत चालतो, तिथून तो चालेल.’ लोणंदला रेल्वे स्टेशन आहे. हा उतरून पुण्याला आला, तो तिथे जाऊन दिंडीत शिरला. मी त्याच दिवशी सही केली.

आणि नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की जानेवारीतच कानावर घाला. ‘गेल्या वर्षीसारखीच रजा’ म्हणून चालत नाही. 2024 ला एकादशी 17 जुलैला होती, 2025 ला 6 जुलैला आणि 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे थेट 25 जुलैला. पक्कं वेळापत्रक संस्थानाकडून आलं की अर्ज द्या.

निरेकाठची
मधले शनिवार-रविवार रजेत धरत नाहीत, त्यामुळे दहाच दिवस मागायचे. सगळीकडे असंच असतं.

रिंगण
ताई, सगळीकडे नाही. आमच्याकडे मधल्या सुट्ट्याही कापतात. रजा शिल्लक किती उरेल ते एचआरकडून आधी लेखी घ्या.

काळी माती
आम्हाला साहेब नाही, पाऊसच साहेब. पेरणी उरकली तर सासवडपासून चालतो, लांबली तर फलटणला गाठतो. दिंडीप्रमुखांना तेवढं आधी सांगून ठेवतो, म्हणजे जेवणात आणि तंबूत आमची माणसं धरायची की नाही ते त्यांना कळतं.

पायवाट
माऊली, हाही एक अर्जच झाला की!

गेट नंबर दोन
मी ठेकेदाराकडे आहे. भरपगारी रजा नाही. गेलो तर पंधरा दिवसांचा पगार जातो, वर हजेरीचा बोनसही. आल्यावर तीच जागा मिळेल याचीही खात्री नसते. मी अर्जात काय लिहू?

लाईन नंबर तीन
बदली माणूस सुचवा, आणि ‘अमुक तारखेला याच जागेवर रुजू होणार’ हे लिहून ठेकेदाराची पोच घ्या. कागद हाती राहील. पण बोनस वाचवायचा उपाय माझ्याकडे नाही. कोणाला मिळाला असेल तर लिहा, आमच्या गेटवरही चौदा जण असेच आहेत.