मदत हवी आहे: शिर्डीच्या खोलीसाठी क्यूआर कोड आलाय, पैसे भरू का?

दारव्हेकर: दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहितोय. दिवाळीनंतर आई-बाबांना शिर्डीला न्यायचंय, आम्ही सहा जण. आईचे गुडघे दुखतात म्हणून खोली आधीच ठरवायची आहे. फोनवर 'शिर्डी भक्तनिवास बुकिंग' शोधलं. सगळ्यात वर जी साइट आली तिच्यावर द्वारावतीचे फोटो आहेत, सगळं मराठीत आहे. तारीख टाकली की ती व्हॉट्सअॅपवर नेते. तिथल्या माणसाने दोन खोल्यांचे २,४०० आणि 'परत मिळणारं' डिपॉझिट २,००० सांगितलं. क्यूआर स्कॅन केला तर एका बाईचं नाव दिसतं. तो म्हणतो, आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, अर्ध्या तासात भरा.

वऱ्हाडी_मामा: साइटीच्या पत्त्यापाशी कुलूप दिसते का? अन शेवटी .org असंल तं ट्रस्टचीच समजा.

कॅफेवाला: मामा, कुलूप एवढंच सांगतं की तुम्ही टाकलेलं वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे कोण बसलंय ते त्यातून कळत नाही. .org कोणीही विकत घेतं.
दारव्हेकर भाऊ, भरू नका. संस्थानचं बुकिंग online.sai.org.in वर होतं. पत्ता नेहमी मागून वाचायचा. https:// सोडून पहिल्या तिरप्या रेषेच्या अगदी आधी sai.org.in असेल, आणि त्या sai च्या आधी टिंब असेल किंवा काहीच नसेल, तर साइट संस्थानची. sai शब्द आधी कुठेतरी आणि शेवट भलताच असेल तर ती दुसऱ्याची. सगळ्यात वर आलेल्या साइटवर 'प्रायोजित' लिहिलंय का तेही पाहा, ती जागा पैसे देऊन मिळते. आणि पिन टाकण्याआधी दिसणारं नाव खातेदाराचं असतं. संस्थान खोलीचे पैसे एखाद्या बाईच्या खात्यावर कशाला घेईल?

खामगावची_ताई: आम्ही तर शेगावला बुकिंग न करताच जातो. भक्तनिवासात रांगेत लागलं की खोली भेटते. तसंच जा ना.

दारव्हेकर: ताई, आईला तेवढा वेळ उभं राहता येत नाही हो.

पुसदकर: माझं तर गेलंच. केदारनाथच्या हेलिकॉप्टरसाठी चार दिवसांआधी अशाच साइटवर ६,००० भरले. आता तो म्हणतो, परताव्यासाठी लिंक उघडून पिन टाका.

कॅफेवाला: पिन टाकू नका! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. ते तिकीट heliyatra.irctc.co.in वर मिळतं. आत्ताच १९३० ला फोन करा, व्यवहाराचा क्रमांक जवळ ठेवा, cybercrime.gov.in वर तक्रार टाका आणि बँकेलाही कळवा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम अडवता येते. चार दिवसांत ती पुढे काढली असेल तर कठीण आहे, तरी फोन कराच.

पुसदकर: लावतोय, लागत नाही अजून.

दारव्हेकर: माझ्या साइटवर 'प्रायोजित' होतंच. पत्त्यात sai होतं, शेवट वेगळा. नंबर ब्लॉक केला. online.sai.org.in स्वतः टाइप करून उघडलं, पण आमच्या तारखेला एकच खोली दिसतेय. सहा जणांचं कसं जमवावं, कोणाला अनुभव आहे का?