शब्दचर्चा: 'इनर्शिया कॉन्स्टंट' सेकंदात का मोजतात?

मेघना, माटुंगा: नोट्समध्ये लिहिलंय H = ४ सेकंद. मराठी पुस्तकात याला जडत्व स्थिरांक म्हणतात. पण जडत्व सेकंदात कसं काय? ४ सेकंदांत नेमकं काय होतं?

श्रीधरकाका (लोड डिस्पॅचमधून रिटायर्ड): रोटर फुल स्पीडला फिरतोय, त्याच्यात जी गतिज ऊर्जा साठलीय तिला मशीनच्या एमव्हीए रेटिंगने भागलं की H. म्हणजे वाफ अचानक बंद झाली आणि मशीन तरी पूर्ण रेटिंगइतकी वीज देत राहिलं, तर त्या फिरकीतली सगळी ऊर्जा ४ सेकंदांत संपेल. अर्थात तिथवर कोणी जाऊच देत नाही गं, पाव सेकंदातच फ्रिक्वेन्सी दीडेक हर्ट्झ पडलेली असेल.

निखिल_ठाणे: सोप्पंय यार. दुपारी सोलर वाढला की थर्मलला बॅकडाउन करतात, थर्मल अर्ध्या लोडवर आलं की इनर्शिया पण अर्धा, म्हणून फ्रिक्वेन्सी पटकन पडते.

श्रीधरकाका: निम्मं बरोबर. युनिट अर्ध्या लोडवर आलं तरी रोटर तेवढाच जड आणि ३००० आरपीएमलाच फिरतोय ना, मग इनर्शिया एक तसूभरही कमी होत नाही. तो जातो युनिट सिंक्रोनायझेशनमधून बाहेर काढलं, म्हणजे ब्रेकर उघडला तेव्हा. म्हणून दोन युनिटं अर्ध्या लोडवर ठेवणं आणि एक बंद करून दुसरं फुल चालवणं, मेगावॉट तेच पण इनर्शिया दुप्पट-निम्मा. सोलरच्या भरात कुठलं युनिट बंद केलं हे बघायचं, नुसतं किती मेगावॉट कमी केलं हे नाही.

मेघना, आता हे घे, स्विंग इक्वेशनच आहे, फक्त फ्रिक्वेन्सीच्या भाषेत:

```
df/dt = − f0 · ΔP / (2 · H · S)
```

समजा एक बेट आहे, त्यात २००० एमव्हीएची मशीनं, H ४, म्हणजे साठा ८००० मेगावॉट-सेकंद. २०० मेगावॉट जनरेशन गेलं. ५० गुणिले २०० भागिले १६०००, म्हणजे दर सेकंदाला ०.६२५ हर्ट्झ घसरण. निम्मी मशीनं बंद करून त्यांच्या जागी सोलर घेतला की १.२५. समजा लोड शेडिंगचा पहिला रिले ४९.४ ला लावलाय, तर पहिल्या केसमध्ये तिथवर यायला जवळपास १ सेकंद मिळतो, दुसऱ्यात अर्धासुद्धा नाही. गव्हर्नर व्हॉल्व उघडतो, वाफ वाढते, याला काही सेकंद लागतात, आणि रिलेने फ्रिक्वेन्सी मोजून ब्रेकर उघडेपर्यंत ०.२ सेकंद गेले तरी तेवढ्यात अजून पाव हर्ट्झ गेलेली असते.

अनघा_डोंबिवली: आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, लाइट गेली तरी पंखा नीट चालतो, फ्रिक्वेन्सी वगैरे काही पडत नाही. मग इन्व्हर्टर वाईट कसा?

श्रीधरकाका: ताई, प्रश्न ग्रिडवरच्या सोलर इन्व्हर्टरचा आहे. पण तुमचा मुद्दा कामाचा आहे. घरचा इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःची ५० हर्ट्झ तयार करतो. छतावरचा साधा सोलर इन्व्हर्टर मात्र ग्रिडचं व्होल्टेज बघून त्याच्या मागे चालतो, ग्रिड गेली की तोही बंद. फ्रिक्वेन्सी पडायला लागली तर तो आपणहून जास्त वीज देत नाही, कारण द्यायला त्याच्याकडे फिरतं काही नाही आणि पॅनल बहुतेक आधीच जास्तीत जास्तवर चालू असतं.

निखिल_ठाणे: मग पवनचक्की? ती तर फिरते.

श्रीधरकाका: फिरते, पण आताच्या बऱ्याच चक्क्यांत मधे कन्व्हर्टर असतो, त्यामुळे रोटरला ग्रिडची घसरण कळतच नाही. कंट्रोलमध्ये मुद्दाम लिहिलं तर थोडा वेळ जास्त वीज काढता येते, पण मग रोटरचा स्पीड पडतो आणि नंतर तो परत भरावा लागतो. २८ सप्टेंबर २०१६ ला साउथ ऑस्ट्रेलियात वादळात लाइन्स गेल्या, बऱ्याच विंड फार्म्सनी एकदम आउटपुट कमी केलं, मग शेजारच्या राज्याला जोडणारी लाइन ट्रिप झाली. फ्रिक्वेन्सी सेकंदाला सहाएक हर्ट्झने कोसळली, शेडिंग रिलेंना पकडताच आली नाही, अख्खं राज्य अंधारात.

परळकर: १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाइट गेली तीही सोलरमुळेच ना? मी लिफ्टमध्ये होतो.

श्रीधरकाका: नाही हो. बाहेरून वीज आणणाऱ्या लाइन्स गेल्या, आणि शहरातलं जनरेशन लोडला पुरलं नाही. इनर्शिया घसरणीचा वेग ठरवतो, तूट तो भरून काढत नाही.

मेघना, माटुंगा: काका, मग बॅटरीला ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर लावला तर त्याचा H किती धरायचा?

श्रीधरकाका: तिथे H सेटिंगमध्ये टाइप करतात, आठही टाकता येतो. पण मशीन काही क्षण रेटिंगच्या कितीतरी पट करंट देतं, इन्व्हर्टर जेमतेम रेटिंगच्या थोडा वर जाऊन लिमिटवर अडकतो आणि मग तो आठ कागदावर राहतो.

निखिल_ठाणे: मग त्याला इनर्शिया म्हणायचंच कशाला, फास्ट रिस्पॉन्स म्हणा.

श्रीधरकाका: लिमिटच्या आत असेल तोवर मी इनर्शियाच म्हणेन, कारण फ्रिक्वेन्सी मोजायची वाट न बघता लगेच वीज जाते. तुला नाही पटणार, माहितीये.