मदत हवी आहे: खरेदीदाराने कापलेले ९०० रुपये टीडीएस २६एएसमध्ये दिसत नाहीत

हिशेबवही_ताई (१२ जुलै २०२५)
नमस्कार. एमआयडीसीत आमची भागीदारी फर्म आहे, प्लास्टिकच्या बरण्या आणि झाकणं बनवतो. हिशेब मी बघते. एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीला २०२४-२५ मध्ये जीएसटी सोडून ९२ लाखांचा माल दिला. वर्षात ५० लाखांच्या वरच्या खरेदीवर ती कंपनी आमचा ०.१ टक्का टीडीएस कापते, कलम १९४क्यू. म्हणजे ४२ लाखांवर ४,२०० रुपये कापलेले दिसायला हवेत आणि टॅलीत आमचं येणंही तेवढंच आहे. पण २६एएसमध्ये ३,३०० च आहेत. रिटर्न भरायचं आहे. ४,२०० दाखवू की ३,३००? रक्कम छोटी आहे, पण बाबा म्हणतात, आपल्या बिलातून कापलेला पैसा कुठे गेला ते कळलंच पाहिजे. मलाही तसंच वाटतं.

पेठेतला_व्यापारी
ताई, ५० लाखांच्या वर विक्री गेली की टीसीएस तुम्हीच लावायचा असतो ना? आम्ही तर बिलातच लावायचो.

करसल्लागार_२१
दादा, तो टीसीएस १ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. त्याआधीही खरेदीदारावर १९४क्यूची जबाबदारी असली आणि त्याने टीडीएस कापला, की विक्रेत्याने टीसीएस लावायचा नव्हता. ताईंचा खरेदीदार कापतोय, त्यामुळे इथे तो प्रश्न येत नाही.

ताई, तुमचा फरक ९०० चा, म्हणजे नेमका ९ लाखांच्या मालाचा. मार्चअखेरचं एखादं ९ लाखांचं बिल आहे का? असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा आणि त्या बिलाचे किती पैसे आले ते बघा. टॅलीतली नोंद सध्या बाजूला ठेवा, ती तुम्ही स्वतःच्या अंदाजाने केलेली असणार.

हिशेबवही_ताई
सर, अगदी बरोबर. २९ मार्चचं बिल आहे, ९ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण १०,६२,००० रुपये. १४ मे रोजी बँकेत १०,६१,१०० आले. म्हणजे ९०० कापलेच आहेत.

करसल्लागार_२१
मग कोडं अर्धं सुटलं. पूर्ण रक्कम आली असती तर टीडीएस कापलाच गेला नाही असा अर्थ होता आणि टॅलीतलं येणं उलटवून विषय संपला असता. आणखी एक विचारतो. माल कोणाच्या गाडीने गेला आणि तिथे कधी उतरला?

हिशेबवही_ताई
गाडी कंपनीनेच पाठवली होती. २९ तारखेला आमच्या गेटवरून भरून गेली, वाटेत दुसरा माल उचलत गेली. त्यांच्या स्टोअरची पावती ३ एप्रिलची आहे.

करसल्लागार_२१
गाडी त्यांची, माल तुमच्या गेटवर ताब्यात दिला, म्हणून विक्री मार्चचीच आणि उत्पन्न २०२४-२५ चं. माल त्यांच्या दारात पोचवायचा करार असता तर विक्रीच एप्रिलची धरावी लागली असती आणि हा घोळ झाला नसता.

आता कंपनीच्या बाजूने बघा. टीडीएस कापायचा तो तुमच्या खात्यात रक्कम जमा करताना किंवा पैसे देताना, जे आधी होईल तेव्हा. त्यांच्या स्टोअरने पावती एप्रिलमध्ये केली, म्हणून खात्यावर नोंदही एप्रिलमध्येच झाली असणार. त्यामुळे २०२४-२५ ची तुमच्याकडची त्यांची खरेदी ८३ लाख, ५० वजा केले की ३३ लाख, त्यावर ३,३००. तुमच्या २६एएसमधला आकडा असा आला आहे. उरलेले ९०० एप्रिल ते जूनच्या तिमाहीच्या विवरणपत्रात येतील. त्याची मुदत ३१ जुलै, म्हणून आज ते कुठेच दिसणार नाहीत. ऑगस्टमध्ये पुढच्या वर्षाचं २६एएस उघडा. रिटर्नमध्ये विक्री पूर्ण ९२ लाख दाखवा आणि टीडीएस ३,३००. जे २६एएसमध्ये नाही ते मागितलं तर प्रोसेसिंगमध्ये क्रेडिट नाकारून उलट डिमांड येईल.

गणित_सरळ
एवढं ताणू नका. २६एएस ज्या वर्षाचं, त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये क्रेडिट घ्यायचं. आमचे सीए दरवर्षी असंच करतात आणि पैसे मिळतात.

करसल्लागार_२१
मिळतात हे खरं आहे. पुढच्या वर्षाची विक्री भरपूर असली की सिस्टीमला फरक कळत नाही. पण नियम ३७बीए सांगतो की ज्या वर्षी उत्पन्न करपात्र, त्या वर्षी क्रेडिट. उत्पन्न आधीच्या वर्षी दाखवलं आणि टीडीएस नंतरच्या वर्षी कापला गेला, नेमक्या याच अडचणीसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून फॉर्म ७१ आहे. तो ऑनलाइन भरायचा, आणि कर कापला गेला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून दोन वर्षांत. ताईंना ३१ मार्च २०२८ पर्यंत वेळ आहे. मात्र ते उत्पन्न २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये आलेलं असलं पाहिजे.

गणित_सरळ
९०० रुपयांसाठी वेगळा फॉर्म? रक्कम ९ हजार किंवा ९० हजार असती तर मीही भरला असता. इथे पुढच्या वर्षीच घ्यावं असं माझं मत आहे.

करसल्लागार_२१
व्यवहाराच्या दृष्टीने तुमचं म्हणणं मी समजू शकतो. माझ्या अशिलाला मात्र मी फॉर्म ७१ च भरायला सांगेन, कारण पुढे कधी तपासणी झाली तर उत्तर एका ओळीत देता येतं.

नवी_फॅक्टरी
माझी अडचण थोडी वेगळी आहे. आमच्या खरेदीदाराने वर्षभर पैसे कापले, पण भरलेच नाहीत. २६एएस कोरं आहे. आमचे ११ हजार अडकलेत. काय करू?

करसल्लागार_२१
कलम २०५ नुसार तुमच्याकडून कापला गेलेला कर पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही. पण तो कापला हे तुम्हाला दाखवावं लागेल. प्रत्येक बिल, त्याची पेमेंट अॅडव्हाइस आणि बँकेत आलेली कमी रक्कम एकत्र लावून ठेवा आणि खरेदीदाराला लेखी विचारा. बाकी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही विषयांचा गुंता होईल.

हिशेबवही_ताई (११ ऑगस्ट २०२५)
सर, सापडले! पुढच्या वर्षाच्या २६एएसमध्ये कंपनीच्या नावाखाली कलम १९४क्यू, तारीख ४ एप्रिल, रक्कम ९,००,०००, कर ९००. बुकिंग स्टेटस F. बाबांना स्क्रीनवर दाखवलं. रिटर्न ३,३०० घेऊन भरते आणि त्यानंतर फॉर्म ७१.

पण त्याच पानावर एप्रिल-मेची आणखी दोन बिलं दिसली, त्यांवरही ०.१ टक्का कापलाय. १ एप्रिलपासून नवीन ५० लाख मोजायला हवेत ना? कंपनीतून सांगितलं, "यंदाही ५० लाख होणारच आहेत, म्हणून पहिल्या बिलापासून कापतो."

करसल्लागार_२१
हो, दर वर्षी मोजणी शून्यापासून होते आणि कर फक्त ५० लाखांच्या वरच्या रकमेवर लागतो. त्या हिशेबाने ४ एप्रिलचे ९०० सुद्धा त्यांनी कापायला नको होते. पण कापून तुमच्या पॅनवर भरले आहेत, तेव्हा क्रेडिट तुमचंच, ते बुडत नाही. पुढच्या बिलांसाठी त्यांच्या अकाउंट्सला मेल टाका आणि त्यात यंदाच्या बिलांची बेरीज लिहा.

हिशेबवही_ताई
मेल आजच टाकते. ऐकलं नाही तर?

गणित_सरळ
मोठी कंपनी आहे ताई, ऐकेलच असं नाही. आमच्याकडे तर दोन वर्षं मेल चालू आहेत.

हिशेबवही_ताई
मग तोवर टॅलीत अंदाजाने टीडीएसची नोंद करणं बंद. पैसे बँकेत आले की जेवढे कमी आले तेवढीच, आणि बिलाचा नंबर समोर.